लेखनाच्या संचिकेत आत्मचिंतनपत्रक कुठून आलं?

निबंधाला दिलेल्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा, हे पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत मोजून दाखवलं. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या मुलांचे ३०० निबंध त्यांनी ५३ जणांकडून तपासून घेतले. तपासणाऱ्यांत भाषाशिक्षकांबरोबर संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. श्रेणी नऊ होत्या, आणि शेकडा ९४ निबंधांना त्यांतल्या सात किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. एकाच निबंधावर मुलाची लेखनातली प्रगती ठरवणं किती कच्चं आहे, हे यावरून स्पष्ट होतं.

यावर सर्वांत विचारपूर्वक तोडगा काढला तो न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी, १९८०च्या दशकात. त्यांनी लेखनाची परीक्षा बंद करून संचिका, म्हणजे पोर्टफोलिओ आणला. त्यात सत्रभर पुन्हा पुन्हा सुधारलेले तीन लेख आणि वर्गात बसून लिहिलेला, न सुधारलेला एक लेख. सुधारलेल्या प्रत्येक लेखावर मुलाने स्वतः भरलेलं एक छोटं आत्मचिंतनपत्रक असायचं: हे कशासाठी लिहिलं, कसं घडत गेलं, कुणाची मदत घेतली. सत्राच्या मध्यावर संचिका तपासण्याची एक रंगीत तालीम व्हायची. शेवटी उत्तीर्ण की नाही, हे ठरवताना मुलाला न शिकवणारा दुसरा शिक्षकही वाचायचा. मला यातला वर्गातला लेख फार महत्त्वाचा वाटतो. घरून लिहून आणलेल्यात ताईचा किंवा शिकवणीच्या बाईंचा हात किती, हे त्याच्याशी ताडून पाहता येतं.

पुढे व्हरमाँट राज्याने १९९१-९२ मध्ये चौथी आणि आठवीला राज्यभर संचिका लावल्या. सर्वोत्तम लेख मुलाने स्वतः निवडायचा आणि का निवडला ते पत्रातून सांगायचं. वर्गात याचा उपयोग झाला, पण रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दोन तपासनिसांचे गुण फारच कमी जुळले. शाळाशाळांची तुलना करायला ही पद्धत चालली नाही. एकाच मुलाचं जूनचं आणि ऑक्टोबरचं लेखन शेजारी ठेवायला मात्र तीच कामाची.

महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या साधनांत स्वयंमूल्यमापन आहे, पण ते शेवटच्या 'इतर' या साधनात, प्रश्नावली आणि गटकार्याच्या सोबतीला. त्यामुळे संचिका झाल्या, पण पत्रक मागे पडलं. अशी संचिका लगेच ओळखू येते. सगळे कागद पक्के आणि स्वच्छ, कच्चा खर्डा एकही नाही, तारखा नाहीत, आणि स्वयंमूल्यमापनात चाळीस मुलांचं एकच वाक्य: 'मला निबंध लिहायला आवडतो.'

सोलापुरात हे जास्त खटकतं. पूर्व भागात कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, इतरत्र कन्नड किंवा उर्दू. मराठी लिहिताना त्यांची अडचण वेगळी असते आणि ती पक्क्या प्रतीत दिसत नाही. घरी तेलुगू बोलणाऱ्या सातवीतल्या एका मुलीची दुसऱ्या सत्राची संचिका घेऊ. जानेवारीत गड्डा यात्रेवर तिने लिहिलं: 'नंदीध्वजाचा मिरवणूक निघाला. खूप गर्दी होता.' बाईंनी लाल शाईने सगळं दुरुस्त केलं नाही, 'गर्दी होता'खाली फक्त रेघ मारली. दुसऱ्या खर्ड्यात दोन्ही वाक्यं सुधारली होती, शिवाय बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणाऱ्या मामांबद्दल चार नवी वाक्यं आली.

पत्रकावर तीनच प्रश्न होते: मागच्या खर्ड्यापेक्षा काय बदललं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बघणार. तिने लिहिलं, 'गर्दी तो का ती ते कळत नव्हतं. आता मी आधी तो, ती, ते लावून बघते.' मार्चमध्ये वर्गात, कुणाची मदत न घेता, तिने चादरीच्या कारखान्यावर लिहिलं. लिंगाची चूक एकाच जागी राहिली होती. वाक्यं मात्र सगळी तुटक, 'मग... मग...' करत जाणारी. गुणांच्या रकान्यात हे दोन्ही एका आकड्यात मिसळलं असतं. पत्रकामुळे बाईंना वर्णनात्मक नोंदीत एक गोष्ट जमली आणि पुढची कोणती, हे लिहिता आलं.

पत्रक पहिल्यांदा दिलं की मुलं बाईंना आवडेल तेच लिहितात. म्हणून त्यातल्या कबुलीवर गुण कापायचे नाहीत, आणि उत्तरात स्वतःच्या लेखातलं एक वाक्य उतरवून दाखवायला सांगायचं. पन्नासच्या वर्गात दर आठवड्याला हे निभत नाही. सत्रात तीन लेखांपुरतं निभतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन पुन्हा मधोमध आणलं आहे. तिथे हसऱ्या चेहऱ्यावर खूण करायची की मुलाने स्वतःचं वाक्य लिहायचं, यावर त्या रकान्यातून शिक्षकाला काही कळेल की नाही हे ठरतं.