दोन वाजून दहा मिनिटांचं बाळ पुनवेचं की वद्याचं?

माझ्या बहिणीचा मुलगा बेळगावात 29 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी जन्मला. आजी लगेच म्हणाली, "पुनवेचं पोर हाय की हे!" काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. 29 तारखेच्या चौकटीत वद्य प्रतिपदा छापलेली. "म्हणजे उतरत्या चंद्राचं," असं म्हणून त्या गप्प बसल्या. आमच्या सीमाभागात मराठी घरात 'वद्य' म्हणतात, कानडी शेजारी 'बहुळ' म्हणतात, पण चढता चंद्र बाळाला बळ देतो आणि उतरता चंद्र मन कमकुवत करतो, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

या वादात दोघींचंही कारण चुकलेलं होतं. तिथी म्हणजे दिवस नव्हे, आकाशातलं अंतर. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. अमावास्या संपताना ते शून्य असतं, पौर्णिमा संपताना 180. चंद्र कधी जलद तर कधी सावकाश चालतो, म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत रेंगाळते. ती घड्याळाच्या कुठल्याही वेळी बदलू शकते. कॅलेंडरच्या चौकटीत मात्र त्या दिवशीच्या सूर्योदयाला चालू असलेली तिथी छापतात. व्रतासाठी ती सोयीची, जन्मासाठी नाही. जन्मतिथी जन्मक्षणाचीच धरतात.

त्या रात्री कोजागिरी होती, आमच्याकडच्या कानडी शेतकऱ्यांची सीगी हुण्णिमे. पौर्णिमा संपली रात्री 1 वाजून 54 मिनिटांच्या सुमारास. आजी जुन्या हिशोबाने दिवस सूर्योदयापासून मोजत होती, त्यामुळे तिच्या लेखी रात्रभर पौर्णिमाच. काकू इंग्रजी तारखेवर गेल्या. बाळ प्रतिपदेचंच, म्हणजे उत्तर काकूंचं बरोबर आलं, पण योगायोगाने. तेच बाळ दीड वाजता जन्मलं असतं तर तारीख 29 च राहिली असती, कॅलेंडरची चौकटही तीच, आणि जन्मतिथी मात्र पौर्णिमा. म्हणून जन्मतिथीसाठी नुसती चौकट बघू नये. पंचांगात तिथीसमोर तिची समाप्तीची वेळ दिलेली असते, ती बघावी. (त्याच वेळी खंडग्रास चंद्रग्रहणही चालू होतं. त्यावरून घरात जो वेगळा गोंधळ झाला, तो इथे सांगत नाही.)

आता दीडचं बाळ 'चढत्या' चंद्राचं आणि दोन-दहाचं 'उतरत्या' चंद्राचं, यात फरक किती? मधल्या चाळीस मिनिटांत सूर्य-चंद्रातलं अंतर जेमतेम एक तृतीयांश अंशाने बदललं. राशी दोघांची मेष, नक्षत्र अश्विनी. ग्रहणाची सावली वगळली तर चंद्रबिंबाचा उजळ भाग दोन्ही वेळा जवळजवळ शंभर टक्के.

गंमत म्हणजे ज्योतिषाचं स्वतःचं गणितही काकूंच्या बाजूने नाही. चंद्राचं 'पक्षबल' काढताना सूर्यापासूनचं अंतर घेतात, ते 180 च्या वर गेलं तर 360 मधून वजा करतात आणि तीनाने भागतात. पौर्णिमेच्या शेवटी पूर्ण 60 येतात, अमावास्येच्या शेवटी शून्य. म्हणजे बळ ठरतं ते चंद्र सूर्यापासून किती लांब आहे त्यावर, तो चढतोय की उतरतोय यावर नाही.

शुद्ध चतुर्थी आणि संकष्टीच घ्या. शुद्ध चतुर्थीच्या मध्याला अंतर 42 अंश, पक्षबल 14, आणि चंद्राचा साधारण 13 टक्के भाग उजळलेला. संकष्टीच्या मध्याला अंतर 222 अंश, 360 मधून वजा केले की 138, पक्षबल 46, उजळ भाग 87 टक्के. 'उतरता' चंद्र 'चढत्या'च्या तिपटीहून बलवान! संकष्टीला उपास सोडायला चंद्राची वाट बघणाऱ्यांनी ते डोळ्यांनीही पाहिलेलं असतं. उशिरा उगवतो, पण केवढा मोठा दिसतो.

हे झालं गणित. त्या बळाचा बाळाच्या मनाशी संबंध जोडला जातो, तिथे मात्र काही आधार सापडत नाही. समुद्राला उधाण येतं तसं शरीरातल्या पाण्यालाही येतं, असं सांगतात. पण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उधाण पौर्णिमेला येतं तसंच अमावास्येलाही येतं. भरती शुद्ध-वद्य बघत नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1997 ते 2001 मधले 5,64,039 जन्म चंद्रकलांशी ताडून पाहिले गेले. ना जन्मांची संख्या कलेनुसार बदलली, ना बाळंतपणातली गुंतागुंत. स्वभावाचा प्रश्न त्या अभ्यासात नव्हता.

काकूंना मी 60 पैकी जवळजवळ 60 चा हिशोब कागदावर करून दाखवला. त्यांनी कागद घडी करून पंचांगात ठेवला आणि विचारलं, "मग ग्रहणाचं काय?"