गूगलला न सापडणारा सातबारा

गेल्या दिवाळीत काका मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. गूगलवर त्यांनी गावाचं नाव, पुढे 'गट नंबर 214' आणि 'सातबारा' असं लिहिलं होतं. खाली सातबारा कसा काढायचा हे सांगणारे व्हिडिओ आणि साइटींची रांग आली होती, पण त्यांचा सातबारा काही कुठे नव्हता. "म्हणजे आपला उतारा अजून ऑनलाइन चढलेलाच नाही," काका म्हणाले.

मी त्यांच्याच फोनवर bhulekh.mahabhumi.gov.in उघडलं. जिल्हा, तालुका, गाव निवडलं, गट नंबर टाकला, मोबाइल नंबर दिला, कॅप्चा भरला. उतारा समोर आला. आजोबांच्या नावाला कंस झालेला आणि खाली काकांचं नाव. "अगं, मग हे गूगलला का दिसत नाही?" काकांनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

आपण शोधतो त्या क्षणी गूगल इंटरनेट धुंडाळत नसतं. त्याने आधीच पानं वाचून एक प्रचंड मोठी सूची करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी: कोणता शब्द कोणत्या पानावर आहे. आपल्याला उत्तर मिळतं ते त्या सूचीतून. पानं वाचायचं काम क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम करतात आणि त्यांची रीत साधी आहे. माहीत असलेलं एक पान उघडायचं, त्यातल्या लिंक टिपून घ्यायच्या, मग ती पानं उघडायची, त्यातल्या लिंक टिपायच्या. या वाटेने जे हाती लागतं ते सरफेस वेब, म्हणजे वरवरचं जाळं. जिथे ही वाट पोचत नाही ते डीप वेब. 2001 साली मायकेल बर्गमन यांनी लिहिलेल्या एका शोधनिबंधामुळे हा शब्द रूढ झाला.

आता सातबाऱ्याकडे पाहा. तलाठ्याकडे जाऊन गट नंबर सांगितला की तो दप्तर काढून नक्कल लिहून द्यायचा. तुम्ही मागेपर्यंत ती नक्कल नव्हतीच. साइटवरही तेच होतं. गट 214 चं तयार पान सर्व्हरवर ठेवलेलं नाही. तिथे आहे तो डेटाबेस, म्हणजे नावं, क्षेत्र, पिकं, बोजे यांचे तक्ते. तुम्ही फॉर्म भरून बटण दाबलंत की त्या तक्त्यांतून तुमच्यापुरतं पान बनतं. जे पान अजून बनलंच नाही, त्याच्याकडे नेणारी लिंक कोण देणार? क्रॉलर फॉर्मपर्यंत येतो, रिकामे रकाने बघतो आणि तिथेच त्याची वाट संपते.

मग क्रॉलरने स्वतःच फॉर्म भरला तर? गूगलने हे करून पाहिलं आहे. फॉर्ममधल्या यादीतले पर्याय एकेक निवडायचे, शोधाच्या चौकटीत त्याच साइटवरचे शब्द टाकायचे आणि जे पान मिळेल ते सूचीत घालायचं, असा प्रयोग त्यांनी 2008 साली जाहीर केला. त्याची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. फॉर्म पाठवण्याच्या मुख्य पद्धती दोन, GET आणि POST. GET मध्ये तुम्ही भरलेलं सगळं पत्त्यातच दिसतं. समजा एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत 'शेती' शोधलं, तर वर असं काही उमटतं:

```
/search?q=शेती&page=2
```

हा पत्ता कोणालाही पाठवा, त्यालाही तेच पान दिसेल. म्हणजे तो लिंकसारखाच झाला आणि सूचीत घालता येतो. POST मध्ये मात्र माहिती पाकिटात घालून खिडकीतून आत द्यावी तशी जाते. पत्ता सगळ्यांसाठी एकच राहतो, आतलं पान मात्र प्रत्येकाचं वेगळं. शोधयंत्राला त्या पानाकडे बोट दाखवायला पत्ताच उरत नाही. म्हणून गूगलने फक्त GET चे फॉर्म घेतले आणि वैयक्तिक माहिती मागणारे फॉर्म मुद्दाम टाळले.

तरीही कोणी चिकाटीने ठरवलं, की प्रत्येक गट नंबर भरायचाच. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. एका उताऱ्याला तीन सेकंद धरले तर साडेसात कोटी सेकंद होतात, म्हणजे अखंड 868 दिवस, सुमारे दोन वर्षं साडेचार महिने. तोवर कितीतरी फेरफार होऊन आधी वाचलेले उतारे जुने झालेले असतील. शंभर क्रॉलर एकदम सोडले तर काम नऊ दिवसांत होईल, पण त्या ओझ्याखाली सर्व्हर वाकेल आणि ज्याला आज पीककर्जासाठी उतारा हवा आहे तो चक्राकडे बघत बसेल. कॅप्चाचं काम नेमकं ही यंत्रं अडवण्याचं आहे.

हे अडवणं मला योग्य वाटतं. सातबारा गट नंबर सांगून कोणीही पाहू शकतो, तो गुपित नाही. पण त्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कोणत्या बँकेचा किती बोजा आहे हेही लिहिलेलं असतं. नुसतं माणसाचं नाव गूगलवर टाकलं आणि त्याचं कर्ज समोर आलं, ही गोष्ट निराळी आहे.

बँकेचं खातं, ईमेल, पगाराची पावती ही पानं पासवर्डमागे असतात, त्यांचं कारण सांगायला नकोच. काही साइट उघड्या असूनही robots.txt नावाच्या फाइलमध्ये क्रॉलरला 'इकडे येऊ नकोस' असं सांगून ठेवतात. ते कुलूप नव्हे, विनंती आहे; सभ्य क्रॉलर ती पाळतात. आणि डार्क वेब, ज्याच्या नावाने लोक घाबरतात, तो या डीप वेबचा अगदी छोटा कोपरा आहे. तिथे जायला टॉरसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. काकांचा सातबारा डीप वेबमध्ये आहे, डार्क वेबमध्ये नाही.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे आणि तिची मला जास्त हळहळ वाटते. इथे क्रॉलर पानापर्यंत पोचतो, पान वाचतोही, तरी ते आपल्याला सापडत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत. ती रुळण्याआधी मराठी मजकूर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकला जायचा. त्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांचं चित्र देवनागरी असतं. पडद्यावर 'जमीन' दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं हे:

```
tehu
```

शोधयंत्राला चित्र नको असतं, साठवलेली अक्षरं हवी असतात. त्यामुळे अशी फाइल सूचीत `tehu` या शब्दाखाली जाऊन बसते आणि 'जमीन' शोधणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. जुन्या अधिसूचना, अहवाल, मासिकांचे अंक असे उजेडात असूनही हरवलेले आहेत. नुसत्या स्कॅन केलेल्या पानांचं दुखणं वेगळं: तिथे अक्षरंच नसतात, फोटो असतो, आणि फोटोतून देवनागरी ओळखताना जोडाक्षरं आणि फिकट शाई यांमुळे चुका होतात.

तुमच्याकडच्या पीडीएफची परीक्षा मिनिटभरात होते. एक ओळ निवडून कॉपी करा आणि मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर फाइल शोधण्याजोगी आहे. `tehu` सारखं काही उमटलं तर फाँट जुना आहे. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. आणि ओळ निवडताच आली नाही, तर तो नुसता फोटो आहे. काकांनी त्यांच्या पाणी वापर संस्थेचे जुने अहवाल असे तपासले. अकरापैकी सात फाइलींत मराठीचं एकही अक्षर नव्हतं. आता ते रोज संध्याकाळी एकेक अहवाल युनिकोडमध्ये आणत बसलेले असतात.