नाव बदललेली ओळ वेगळी, नावाचा गठ्ठा वेगळा

एक्सेलमध्ये एकाआड एक ओळ रंगवायला `=MOD(ROW(),2)=0` पुरतं, ते सगळ्यांना येतं. गिऱ्हाईक बदललं की रंग बदलायचा म्हटलं की मात्र घोळ सुरू होतो. इंदूरच्या सियागंजात एका पेढीची उधारी मी महिनाअखेरीस जुळवतो, आणि तिथे कंडिशनल फॉर्मॅटिंगमध्ये दरवेळी हाच फॉर्म्युला बसलेला असतो:

```
=$B2<>$B1
```

हा फॉर्म्युला एका नावाच्या ओळींचा अख्खा गठ्ठा रंगवत नाही, फक्त गठ्ठ्याची पहिली ओळ रंगवतो. समजा B कॉलममध्ये ओळ 2 ते 4 जैन, 5 पाटीदार, 6 आणि 7 शिंदे. रंग लागतो 2, 5 आणि 6 ला. आपल्याला हव्यात 2 ते 4 आणि 6-7. "नाव आत्ता बदललं का?" एवढंच तो विचारतो, तिसऱ्या ओळीत ते बदललेलं नसतं, म्हणून ती पांढरी राहते. विचारायला हवं ते हे: "वरून इथपर्यंत नाव किती वेळा बदललं?" जैनच्या तिन्ही ओळींत उत्तर 1, पाटीदारला 2, शिंदेच्या दोन्हींत 3. विषम आकडा आला की रंग.

```
=MOD(SUMPRODUCT(--($B$2:$B2<>$B$1:$B1)),2)=1
```

मथळा पहिल्या ओळीत ठेवा आणि A2 पासूनच निवड करा, नाहीतर सगळं एका ओळीने सरकेल. `$B$2` जागचा हलत नाही, `$B2` खाली वाढत जातो. मोजणी होते ती यामुळेच. रंग फिकट राखाडी. पोपटी रंगावर आकडे वाचणाऱ्याचे डोळे जातात.

चारशे ओळींना हे छान चालतं. दहा हजार ओळी असतील तर शेवटची ओळ दहा हजार तुलना करते, तीही प्रत्येक सेलसाठी, आणि शीट रखडते. मला तर कधीही जादा कॉलमच आवडतो. E2 मध्ये हे लिहून खाली ओढा, नियमात फक्त `=$E2=1` द्या, आणि E लपवून टाका:

```
=IF(B2=B1,N(E1),1-N(E1))
```

जैनच्या मधोमध एकच पांढरी पट्टी दिसली तर फॉर्म्युल्याला दोष देऊ नका. तिथे कोणीतरी नावापुढे स्पेस मारलेली असते. `TRIM` केलं की पट्टी जाते.

यादी नावाने सॉर्ट केलेली नसेल तर एकाच गिऱ्हाइकाचे दोन गठ्ठे होतात, ते उघडच आहे. फसवतो तो फिल्टर. पाटीदार लपवलात तर जैन आणि शिंदे दोघंही राखाडीच राहतात आणि एकच खातं वाटतं, कारण लपलेली ओळसुद्धा मोजली जाते. शेठजींना असा कागद द्यायचा असेल तर मी दिसणाऱ्या ओळी नव्या शीटवर चिकटवतो आणि नियम तिथे पुन्हा लावतो.