एका गोळीने भीती गेली, धास्ती राहिली

1895 साली फ्रॉइडने ‘चिंताविकृती’ या आजाराचं वर्णन केलं. त्यात त्याने दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: अचानक येणारा, छाती धडधडवणारा, जीव घाबरा करणारा झटका आणि सतत काहीतरी वाईट होईल अशी मनाला लागलेली हुरहूर. दोन्ही एकाच दुखण्याची कमी-जास्त रूपं आहेत, अशी समजूत पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षं टिकली. हुरहूर वाढत गेली की तिचा झटका होतो, असा हिशेब होता.

तो बिघडवला एका औषधाने. 1950च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन हे तेव्हा नवं असलेलं औषध वापरून पाहत होते. त्यांच्या रुग्णांत काहीजण असे होते, की दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत परिचारिकांच्या टेबलाकडे धावायचे. काही आठवडे औषध दिल्यावर विचारलं, तर रुग्ण म्हणायचा, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फरक दिसत नव्हता. तो दिसला वॉर्डातल्या परिचारिकांना: हे आता धावत येत नाहीत. झटके थांबले होते. तरीही रुग्ण एकटा बाहेर पडायला तयार नव्हता, कारण ‘पुन्हा झटका आला तर?’ ही धास्ती तशीच होती. उलट त्या काळच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी धास्ती थोडी कमी व्हायची, झटके मात्र चालूच राहायचे.

क्लाइन यांचा तर्क सरळ होता. एकच गोष्ट कमी-जास्त प्रमाणात असती, तर औषधाने आधी सौम्य रूप गेलं असतं, मग तीव्र. इथे तीव्र रूप गेलं आणि सौम्य राहिलं, म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या असल्या पाहिजेत. 1980मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा फ्रॉइडच्या चिंताविकृतीचे तुकडे होऊन ‘पॅनिक डिसऑर्डर’ आणि ‘सर्वसाधारण चिंताविकार’ असे दोन आजार झाले. (औषधांवरून काढलेल्या या निष्कर्षाची धार पुढे बोथट झाली. आज दोन्हींसाठी एकाच गटातली औषधं बरेचदा लिहून दिली जातात.)

रुग्णांत जे दिसलं त्याचं प्राण्यांमधलं रूप हवाई विद्यापीठात रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड या दांपत्याने मांडलं. मला या सगळ्या इतिहासात त्यांचं काम सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यांनी उंदरांना फक्त विजेचे झटके दिले नाहीत, तर उंदरांसारखं जगू दिलं. मोकळी जागा, तिला जोडलेली बिळं, आणि त्यात उंदरांचा कळप. मग मोकळ्या जागेत मांजर आणायचं.

मांजर समोर असताना उंदीर पळून बिळात शिरत किंवा जागच्या जागी गोठत. कोपऱ्यात अगदी जवळून गाठलेला उंदीर उलटून चावायलाही येई. यातलं काय होणार हे बरंचसं अंतरावर आणि पळायला वाट आहे की नाही यावर ठरे. ही भीती. आपल्याला वाटतं भीतीत हृदय धावतंच, पण गोठलेल्या प्राण्याच्या हृदयाचे ठोके बहुधा मंदावतात. पळताना ते वाढतात.

पुढचा भाग मांजर उचलून नेल्यावरचा. धोका संपलेला असे, पण उंदरांना ते माहीत नसे. तासन् तास ते बिळातच राहत. मग एखादा बिळाच्या तोंडाशी येऊन डोकं बाहेर काढी, हवा हुंगी, अंग लांबवून जमिनीलगत दोन पावलं टाकी आणि परत आत जाई. खाणंपिणं बाजूला पडे. ब्लँचर्डनी या टेहळणीला ‘जोखीम-अंदाज’ म्हटलं आणि चिंतेचं मूळ त्यात पाहिलं. चिंता कमी करणारं डायझेपाम हे औषध दिल्यावर गंमत झाली. जे उंदीर बिळातून हलतच नव्हते ते टेहळणी करू लागले. जे टेहळणीत अडकले होते त्यांची टेहळणी कमी होऊन ते मोकळ्या जागेत आले. मांजर अंगावर येत असताना पळण्यावर मात्र अशा औषधांचा फारसा परिणाम होत नव्हता. पुन्हा तीच खूण: औषध दोन्हींपैकी एकाच गोष्टीला लागू पडतं, दुसरीला नाही.

यानंतर प्रश्न मेंदूकडे वळला. 1997मध्ये मायकेल डेव्हिस आणि डेव्हिड वॉकर या संशोधकांनी उंदराचं दचकणं मोजलं. मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. आधीच घाबरलेला असेल तर जास्त दचकतो. एका प्रयोगात काही सेकंदांचा दिवा लागायचा, ज्याची जोडी आधी विजेच्या झटक्याशी घातली होती. दुसऱ्यात कसलाच झटका नव्हता, फक्त उंदराला सुमारे वीस मिनिटं प्रखर उजेडात ठेवायचं. निशाचर प्राण्याला एवढंही अस्वस्थ करायला पुरतं. दोन्हीकडे दचकणं वाढलं. पण भीतीशी जोडल्या जाणाऱ्या अमिग्डला या मेंदूतल्या भागाचा मध्यवर्ती भाग रसायनाने तात्पुरता बंद केला, तर पहिली वाढ गेली, दुसरी राहिली. शेजारचा बीएनएसटी नावाचा भाग बंद केला, तर उलटं झालं.

माणसांत हेच ख्रिश्चन ग्रिलॉन या संशोधकाने करून पाहिलं. फरक एवढाच, की माणूस उजेडात नाही तर अंधारात जास्त दचकतो. त्यांच्या चाचणीत डोळ्याखालच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून पापणीची उघडझाप मोजतात. एका टप्प्यात विजेचा झटका मिळणारच नाही असं सांगितलेलं असतं, दुसऱ्यात ठरलेली खूण दिसली तरच मिळतो, तिसऱ्यात केव्हाही मिळू शकतो. 2006च्या एका अभ्यासात अल्प्राझोलाम हे चिंता कमी करणारं औषध घेतल्यावर तिसऱ्या टप्प्यातलं वाढलेलं दचकणं कमी झालं, पण खूण दिसल्यावरचं दचकणं तसंच राहिलं. या तिसऱ्या टप्प्यात पॅनिक डिसऑर्डरचे रुग्ण इतरांपेक्षा जास्त दचकतात, हेही दिसलं. झटका नसतानाही तो केव्हा येईल याची वाट पाहत राहणं, ही क्लाइन यांच्या वॉर्डातलीच धास्ती.

इथवर चित्र फारच नीटनेटकं दिसतं, आणि म्हणूनच ते टिकलं नाही. मेंदूच्या नंतरच्या चित्रणांत अमिग्डला आणि बीएनएसटी हे दोन्ही भाग दोन्ही प्रकारच्या धोक्यांत जागे होताना दिसले. भीतीचं एक घर, चिंतेचं दुसरं, अशी वाटणी माणसात करता येत नाही. खुद्द डेव्हिस आणि ग्रिलॉन यांनी 2010मध्ये ‘क्षणिक’ आणि ‘टिकून राहणारी’ भीती अशी सावध भाषा स्वीकारली. माझ्या मते वागण्यातला फरक पक्का आहे, त्याचा मेंदूतला पत्ता अजून कच्चा आहे.

दुसरी अडचण जास्त मोलाची ठरली. सतत काळजी करणारे, म्हणजे सर्वसाधारण चिंताविकाराचे रुग्ण, ग्रिलॉनच्या तिसऱ्या टप्प्यात इतरांपेक्षा जास्त दचकलेच नाहीत. याचा धागा मानसशास्त्रज्ञ थॉमस बॉर्कोव्हेक यांच्या कामात सापडतो. त्यांनी दाखवलं, की काळजी ही मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत नाही. ‘नोकरी गेली तर, हप्ते थकले तर, मुलाची फी कुठून भरायची’ अशी वाक्यांची साखळी. 1990च्या एका प्रयोगात भाषणाला घाबरणाऱ्या लोकांना आधी काळजी करायला लावून मग भाषणाचं दृश्य डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तर त्यांच्या हृदयाची प्रतिक्रिया जवळजवळ दबलेली निघाली. मन म्हणतं मी घाबरलोय, शरीर मात्र पुरतं पेटत नाही. अशा रुग्णांची तक्रारही धडधडीपेक्षा आखडलेली मान, थकवा आणि न लागणारी झोप अशी असते. पॅनिकचा झटका काही मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. काळजी मात्र निदानासाठी किमान सहा महिने टिकलेली असावी लागते.

म्हणूनच काळजीवरच्या काही उपचारांत रुग्णाला ‘विचार करू नकोस’ असं सांगत नाहीत. ज्या प्रसंगाच्या वाक्यांभोवती तो फिरतोय तो प्रसंग बारकाव्यांसह, चित्रासारखा, न टाळता पाहायला लावतात. मग हृदय एकदा वेगाने धावतं, आणि हळूहळू खाली येतं.