रिपोर्टमधला यिल्ड आणि मदर लिकरमध्ये उरलेला माल

सेंद्रिय रसायनाच्या रिपोर्टमध्ये यिल्डची टक्केवारी आज आपोआप लिहिली जाते. ती शक्य झाली ती एकोणिसाव्या शतकात. बर्झेलियसने 1818 आणि 1826 मध्ये अणुभारांची कोष्टके दिली आणि अमुक कच्च्या मालातून जास्तीत जास्त किती माल मिळू शकतो, हे कागदावर काढता येऊ लागले. त्याच सुमारास, 1819 मध्ये, गे-ल्युसॅकने तापमानानुसार विद्राव्यता कशी बदलते याचे आलेख मांडले. माल गरम द्रावकात विरघळवून, थंड करून पुन्हा स्फटिक मिळवतात, त्या रिक्रिस्टलायझेशनमधली घट मोजायचा आधार हाच. म्हणजे रिपोर्टमधल्या दोन हिशोबांची मुळे वेगवेगळी आहेत, आणि विद्यार्थी नेमके तेच एकत्र करून टाकतात.

अमेरिकेत 1921 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ या मालिकेने मांडणीला शिस्त लावली: यिल्ड ग्रॅममध्ये, सोबत सैद्धांतिक यिल्डशी टक्केवारी, आणि छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळणी.

अॅसिटॅनिलाइडचे उदाहरण घेऊ. 5.0 ग्रॅम अॅनिलिन (रेणुभार 93.13) म्हणजे 0.0537 मोल. अॅसेटिक अॅनहायड्राइड जास्त घेतले आहे, म्हणून हिशोब अॅनिलिनवरूनच करायचा. अॅसिटॅनिलाइडचा रेणुभार 135.17, म्हणजे सैद्धांतिक यिल्ड 7.26 ग्रॅम. समजा वाळवलेला क्रूड, म्हणजे शुद्ध करण्याआधीचा माल, 6.5 ग्रॅम आणि शुद्ध स्फटिक 5.4 ग्रॅम भरले. यिल्ड 5.4 ÷ 7.26, म्हणजे 74 टक्के. 5.4 ÷ 6.5 म्हणजे 83 टक्के हा यिल्ड नव्हे, ती रिक्रिस्टलायझेशनमधली रिकव्हरी. दोन्ही लिहावेत, पण वेगळ्या नावांनी.

मग 1.1 ग्रॅम गेले कुठे? अॅसिटॅनिलाइड उकळत्या पाण्यात 100 मिलीला सुमारे 5.5 ग्रॅम विरघळते, 25 अंशाला सुमारे 0.5 ग्रॅम. या क्रूडला किमान 120 मिली पाणी लागते; 150 मिली वापरून 25 अंशाला गाळले, तर 0.75 ग्रॅमच्या आसपास मदर लिकरमध्येच, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणातच, राहते. उरलेले 0.35 ग्रॅम म्हणजे निघून गेलेली अशुद्धी, गरम गाळणीत फिल्टर पेपरवर चिकटलेला माल आणि धुण्याचे पाणी. तेच पाणी 250 मिली घेतले असते, तर विरघळूनच सव्वा ग्रॅम गेले असते. ‘हाताळताना थोडी घट झाली’ या वाक्यापेक्षा पाण्याचे आकारमान आणि गाळतानाचे तापमान लिहिणे कितीतरी उपयोगाचे.

मदर लिकर आटवून दुसरा हप्ता काढता येतो. त्याचे वजन आणि वितळणांक मात्र वेगळे नोंदवावेत, कारण अशुद्धी त्यातच साठलेली असते. शुद्ध अॅसिटॅनिलाइड 114 अंशाला वितळते. दुसरा हप्ता त्याच्या बराच खाली आणि लांबत वितळत असेल, तर तो यिल्डमध्ये मिळवू नये. आणि यिल्ड 100 च्या वर गेलाच, तर आधी स्फटिक पुन्हा वाळवून वजन स्थिर होते का ते पाहावे. बहुतेक वेळा त्यात पाणीच अडकलेले असते.