पार्टीवाइज नफा आणि आयटमवाइज नफा: ट्रकचं भाडं कुणाच्या नावावर?

दर मार्चअखेरीला कुणीतरी दोन प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवतं आणि विचारतं, "पार्टीवाइज म्हणतो रत्नागिरीची पार्टी फायद्यात. आयटमवाइज म्हणतो टाक्या फायद्यात. मग त्या पार्टीला माल पाठवताना हात आखडता का घ्यायचा?" आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "तसंही डेटा तोच, फक्त ग्रुपिंग वेगळं." हे दुसरं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नीट लिहूनच काढतो, कारण ते अर्धंच खरं आहे.

खरी बाजू अशी. ईआरपीनेक्स्टमध्ये `Gross Profit` रिपोर्ट उघडा आणि `Group By` मध्ये आधी `Customer`, मग `Item Code` निवडा. खालची बेरीज जुळते. विक्री जीएसटीशिवाय धरलेली असते. बिलाच्या तळाशी दिलेली एकगठ्ठा सूटसुद्धा प्रत्येक ओळीत वाटून गेलेली असते, त्यामुळे सुटीची काळजी नको. समोर मालाची खरेदी किंमत लागते. आत येणारं भाडं तुम्ही `Landed Cost Voucher` मधून मालावर चढवत असाल, तर तेही त्या किमतीतच आहे. इथपर्यंत प्रत्येक रुपया बिलाच्या एकेका ओळीला चिकटलेला आहे आणि ओळीवर पार्टीही आहे, आयटमही आहे. कसंही ग्रुप करा, उत्तर प्रामाणिक येतं.

घोळ बाहेर जाणाऱ्या भाड्याचा आहे. ते ओळीला चिकटत नाही. ते ट्रकचं असतं.

सांगलीच्या गोदामातून रत्नागिरीच्या एका हार्डवेअर दुकानाला गेलेलं एक बिल घेऊ. आकडे सोपे धरलेत. हजार लिटरच्या 10 टाक्या, दर 6,000, म्हणजे 60,000. पितळी नळ 100, दर 600, म्हणजे तेही 60,000. टाक्यांची खरेदी 51,000, नळांची 48,000. बिलावर पाच टक्के सूट, दोन्हीकडे 3,000. ट्रकचं भाडं 8,000. पार्टीच्या बाजूने हिशोब एका दमात होतो: 1,20,000 मधून सूट, खरेदी आणि भाडं गेलं की 7,000 उरतात. यात मत मांडायला जागाच नाही.

आता हेच भाडं आयटमवर टाकायचं आहे. बहुतेक ठिकाणी ते विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात, कारण तेवढा आकडा हाताशी असतो. किंमत सारखी, म्हणून भाडं 4,000 आणि 4,000. टाकीवर 2,000 नफा, नळावर 5,000. दोन्ही आयटम बरे दिसतात.

पण तो ट्रक डोळ्यांसमोर आणा. दहा टाक्या रचल्या, दोरखंडाने आवळल्या आणि ट्रक भरला. नळांची चार खोकी टाक्यांच्या फटीत सरकवली. ट्रक मागवला तो टाक्यांसाठी. नुसते नळ असते तर ट्रान्सपोर्टच्या पार्सलने 400 रुपयांत गेले असते. म्हणून जागेच्या हिशोबाने टाक्यांवर 7,600 आणि नळांवर 400 टाकले, तर टाक्या 1,600 ने तोट्यात जातात आणि नळ 8,600 कमावतात. बेरीज तीच, 7,000. पार्टीचा आकडा तसूभर हलला नाही, आयटमचा मात्र नफ्याचा तोटा झाला.

म्हणून आयटमवाइज नफ्याचा आकडा समोर आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: भाडं कशावर वाटलंय? याचं उत्तर देता येत नसेल, तर त्या रिपोर्टवरून दर ठरवू नका. अवजड-हलका माल एकत्र विकणाऱ्याने भाडं किमतीवर वाटणं मला अजिबात मान्य नाही. आयटम मास्टरमध्ये घनफुटाचं एक फील्ड घाला, डिलिव्हरी चलनावर भाड्याचं दुसरं, आणि जागेवर वाटा. सिमेंट, लोखंड असा माल असेल तर वजनावर.

आता वरच्या प्रश्नाकडे येऊ. महिन्याभरात तशाच 10 टाक्या, त्याच सुटीने, सांगलीतल्याच एका दुकानाला टेम्पोने 1,200 भाड्यात गेल्या. तिथे 4,800 सुटले. आयटमवाइज रिपोर्ट दोन्ही बिलं मिळवतो आणि सांगतो, टाक्या 3,200 ने फायद्यात. पार्टीवाइज रिपोर्ट टाक्या आणि नळ मिळवतो आणि सांगतो, रत्नागिरी 7,000 ने फायद्यात. दोन्ही बरोबर, आणि तोटा दोघांतही दिसत नाही. तो "रत्नागिरीला गेलेली टाकी" या एकाच चौकटीत बसलेला आहे. पार्टी आडवी, आयटम उभा असा तक्ता काढल्याशिवाय तो सापडत नाही. सापडल्यावरही लगेच टाकी बंद करू नका. नुसते नळ पाठवले तर त्या पार्टीवर 8,600 सुटतील, पण टाकी मिळते म्हणून तो नळ घेत असेल तर 7,000 ही जातील. हे सेल्समनलाच विचारावं लागतं.

एक मर्यादाही सांगतो. एकाच ट्रकमधून तीन गावांच्या तीन पार्ट्यांचा माल गेला, तर पार्टीचा आकडाही निर्विवाद राहत नाही. आधी भाडं पार्ट्यांत वाटा, मग पार्टीच्या आत आयटमवर. क्रम उलटा केलात तर शेवटच्या गावापर्यंतची धाव पहिल्या गावाच्या टाकीवर चढते.

भाडं रिपोर्टमध्ये धरलंय की नाही, हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. त्याच काळाचं नफा-तोटा पत्रक काढा. विक्री वजा विकलेल्या मालाची किंमत आणि रिपोर्टची बेरीज रुपयाला रुपया जुळली, तर समजा की बाहेर जाणारं भाडं आत आलेलंच नाही. ते भाड्याच्या लेजरमध्ये एकगठ्ठा पडून आहे.

परत आलेल्या मालात वेगळी चूक होते. रत्नागिरीहून एक टाकी तडकून परत आली. क्रेडिट नोट केली: विक्री 5,700 ने कमी, खरेदी किंमत 5,100 ने कमी, म्हणजे रिपोर्टमध्ये फक्त 600 गेले. प्रत्यक्षात तडकलेली टाकी 5,100 च्या भावाने चांगल्या स्टॉकमध्ये जाऊन बसली. सहा महिन्यांनी स्टॉक मोजताना कुणीतरी ती भंगारात काढतं आणि ते 5,100 पार्टीचं नाव नसलेल्या खात्यात बुडतात. परतीचा माल आधी वेगळ्या गोदामात घ्या आणि तिथून भंगारात काढताना नोंदीवर मूळ बिलाचा नंबर टाका. तरच तो तोटा पार्टीवरही दिसतो आणि आयटमवरही.

वर्षअखेरच्या टर्नओव्हर डिस्काउंटची गोष्ट भाड्याच्या अगदी उलट. ती सूट पार्टीच्या वर्षभराच्या उलाढालीवर असते, कुठल्याच आयटमची नसते. पार्टीवाइजमध्ये ती पूर्ण धरा. आयटमवाइजमध्ये मात्र वाटण्याचा हट्ट करू नका. तळाशी "न वाटलेली सूट" अशी एक ओळ ठेवा आणि बेरीज तिथे जुळवा.