विरजण आंबट, तरी दही लागेना

दही जितकं आंबट तितका विरजणात जोर, असा एक पक्का समज असतो. अनुभव मात्र उलटा येतो. फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेल्या आंबटढाण दह्याचं विरजण लावलं, तर दूध तासन्‌तास तसंच राहतं. शेवटी लागतं ते सैलसर, पाणी सुटलेलं आणि पुन्हा आंबटच. मग ‘विरजण जुनं झालं’ म्हणून आपण मोकळे होतो. पण विरजणातले जिवाणू माणसांसारखे म्हातारे होत नाहीत. दर वेळी दुधात त्यांची नवी पिढी वाढते. बदलतं ते त्या वस्तीत कोण किती आहे याचं प्रमाण, आणि ते बदलण्यात मोठा हात आपल्याच सवयींचा असतो.

ऊबेत लावलेल्या दह्यात मुख्य काम दोन जिवाणूंचं. एक गोल, साखळीत वाढणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दुसरा काडीसारखा लांबट लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दोघांनाही ४० ते ४५ अंश सेल्सिअसची ऊब आवडते आणि दोघेही दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. पण दुधात वाढायला साखर पुरत नाही, नत्रही लागतं, आणि ते बहुतांशी केसीन या प्रथिनात अडकलेलं असतं. बल्गेरिकसच्या पेशीबाहेर केसीन कापणारं विकर असतं. थर्मोफिलसच्या बहुतेक वाणांकडे ते नसतं, म्हणून तो बल्गेरिकसने कापलेल्या तुकड्यांवर पोसतो. बदल्यात तो फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्यावर बल्गेरिकस जोमाने वाढतो. दोघं एकत्र असले की दूध जितक्या लवकर आंबतं, तितकं एकेकट्याने आंबत नाही.

या भागीदारीत पाळी ठरलेली आहे. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.७ असतो. तिथून पाचच्या आसपास येईपर्यंत धावतो तो मुख्यतः थर्मोफिलस. पुढे आम्लाने तो मंदावतो आणि सूत्रं बल्गेरिकसकडे जातात. ४.६ च्या सुमारास केसीनचे कण एकमेकांना धरून जाळं करतात, म्हणजे दही लागतं. तेव्हाच ते थंडात ठेवलं तर दोन्ही जिवाणू भरपूर आणि धडधाकट असतात. ऊबेतच राहू दिलं तर बल्गेरिकस थांबत नाही. तो पीएच चारच्याही खाली नेऊ शकतो. दही आंबट होत जातं, गोल जिवाणू मागे पडतात आणि काडीवाल्यांचं राज्य येतं. पुढे फ्रिजमध्ये आठवडाभर आम्लात बुडून राहिल्यावर दोन्हींतल्या बऱ्याच पेशी मरतात, उरलेल्या जायबंदी होतात. अशा पेशी नव्या दुधात पडल्या की आधी स्वतःची डागडुजी करतात, मगच वाढू लागतात.

आंबट पण कमजोर, या कोड्याचं उत्तर इथे आहे. आंबटपणा हा कालपर्यंत झालेल्या कामाचा साठा आहे. उद्याच्या दुधात किती जिवंत पेशी तयारीत उतरतील, हे त्यावरून कळत नाही. आणि दही उशिरा लागायला लागलं की घरोघर उपाय एकच होतो: विरजण दुप्पट घालायचं आणि पातेलं रात्रभर ऊबेत ठेवायचं. जास्त विरजणाबरोबर आंबटपणाही जास्त येतो, आणि लांबलेल्या ऊबेत पुन्हा बल्गेरिकसच माजतो. म्हणजे ज्यामुळे बिघडलं तेच दुप्पट केलं जातं. माझ्या मते घरगुती विरजणं बहुतेक वेळा या फेऱ्यातच अडकतात.

यात पिढ्यांचा हिशेब धक्का देणारा आहे. अर्धा लिटर दुधाला पाच मिलीचा एक चमचा विरजण घातलं, तर ते एक टक्का झालं. दही पूर्ण लागेपर्यंत जिवाणूंना साधारण शंभर पट व्हावं लागतं, म्हणजे सहा ते सात वेळा दुप्पट. रोज दही लावलं तर वर्षभरात जवळपास २,४०० पिढ्या होतात. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर हे ६०,००० वर्षांइतकं झालं. इतक्या पिढ्यांत जनुकीय चुका होणारच, आणि त्यातल्या काही टिकतात.

टिकणारी सगळ्यात गमतीची चूक म्हणजे फुकटेपणा. थंडसर, साधारण ३० अंशांच्या दह्यात लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू मोठ्या संख्येने असतो. केसीन कापायच्या विकराचं जनुक त्याच्यात अनेकदा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-कड्यावर असतं, आणि पेशीविभाजनात ते कडं कधी कधी गळून पडतं. कडं गमावलेली पेशी विकर बनवण्याचा खर्च वाचवते आणि शेजारणीने कापलेले तुकडे खाते. फुकटे वाढले की कापणारे कमी होतात आणि सगळी वस्ती मंदावते. मात्र पेशी एकमेकींपासून दूर असतील, तर कापलेला तुकडा कापणारीच्याच वाट्याला येण्याची शक्यता जास्त. म्हणून विरळ वस्तीत कष्टाळू पेशी जिंकतात, दाट वस्तीत फुकट्या. विरजण पळीने घालण्याऐवजी चमच्याने घालण्याला हे एक चांगलं कारण आहे.

तापमानाचा मुद्दा इथूनच निघतो. लॅक्टोकॉकसला ३० अंश मानवतात, ४० च्या वर तो वाढत नाही. थर्मोफिलस आणि बल्गेरिकस ३० ला रेंगाळतात. त्यामुळे ऊन दिवसांत जोरात चाललेलं विरजण थंडीत मंदावलं, तर ते दर वेळी कमजोर झालेलं नसतं. त्याला त्याची ऊब मिळत नसते. आधी एकदा योग्य तापमानात लावून बघावं आणि मगच विरजणाला दोष द्यावा.

आता जिवाणूभक्षक विषाणू, म्हणजे फाज. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवलं की चीजची विरजणं अचानक बसतात त्यामागे हे असतात. फाज पेशीत शिरतो, आत आपल्या प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. तासाभरात एकाचे डझनावारी होतात. दूध नीट उकळलं तर ते बहुतेक नष्ट होतात, पण जुन्या दह्याच्या सुटलेल्या पाण्यातून, डावातून, पातेल्याच्या कडेला राहिलेल्या थरातून पुन्हा येतात. घरच्या विरजणात अनेक वाण मिसळलेले असल्याने एक मेला तरी दुसरा काम उचलतो; म्हणून कारखान्यातल्या निवडक वाणांपेक्षा ते फाजपुढे जास्त तग धरतं. (जनुकसंपादनासाठी गाजलेली क्रिस्पर यंत्रणा जिवाणूला फाजपासून वाचवते, हे प्रयोगाने प्रथम दिसलं ते २००७ मध्ये, याच दह्यातल्या थर्मोफिलसमध्ये.) फाजची खूण म्हणजे आकस्मिकपणा. काल उत्तम लागलेलं दही आज लागतच नाही आणि दूध गोडच राहतं. हळूहळू, आठवडेच्या आठवडे उशीर वाढत गेला असेल, तर कारण वर सांगितलेल्या बिघडलेल्या प्रमाणाचं.

ताजंतवानं करायचं ते या हळूहळू मंदावलेल्या विरजणाला. त्यासाठी लागोपाठ तीन छोटी दही लावायची आणि प्रत्येक वेळी दही लागताक्षणी थांबवायचं. पाव लिटर दूध उकळून मंद आचेवर ढवळत दहा मिनिटं ठेवावं. त्याने दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं केसीनला चिकटतात आणि दही घट्ट धरतं. मग ४२ अंशांपर्यंत निववावं. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून दहा आकडे मोजता यावेत, ऊन लागावं पण चटका बसू नये. जुन्या दह्याचा वरचा थर बाजूला सारून मधलं दही एक चमचा घ्यावं, थोड्या दुधात फेटून मग सगळ्या दुधात मिसळावं. पातेलं गुंडाळून ऊबेत ठेवावं आणि वेळ लिहून ठेवावी.

तिसऱ्या तासानंतर दर अर्ध्या तासाने पातेलं किंचित कलतं करून बघायचं, ढवळायचं नाही. दही अखंड गोळ्यासारखं हललं की झालं. या अदमुऱ्या अवस्थेतच ते लगेच फ्रिजमध्ये जायला हवं. आणखी थोडं घट्ट होऊ दे, असं वाटलं की फेरा पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी याच दह्याचा अर्धा चमचा पुन्हा पाव लिटर दुधाला, आणि तिसऱ्या दिवशी तसंच. पहिल्या वेळी डळमळीत विरजणाला आधार म्हणून दोन टक्के, पुढे एकच टक्का.

समजा, पहिलं दही लागायला नऊ तास लागले, दुसरं साडेसहा तासांत लागलं, तिसरं पाच तासांत. विरजण निम्मं कमी करूनही वेळ घटला, म्हणजे वस्ती सावरली. तिन्ही वेळा नऊच तास लागले तर मात्र भागीदारांपैकी एक बहुधा पुरता हरवलाय आणि कितीही वेळा लावून तो परत येणार नाही. जे दही एरवी ३० अंशांच्या आसपास लावलं जातं, त्याला ४२ अंशांवर ताजं करू नये. तिथला लॅक्टोकॉकस त्यात गमवाल. तीच पद्धत ३० अंशांवर वापरावी आणि वेळ दुपटीहून जास्त धरावा.

नवं विरजण आणण्याआधी दुधाची खातरजमा करावी. एकाच दुधाच्या दोन वाट्या भरून एकीत आपलं आणि दुसरीत चांगलं चालणारं दुसरं विरजण घालावं. दोन्ही लागल्या नाहीत तर खोट दुधात आहे. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला तर थर्मोफिलस लगेच मान टाकतो. पेनिसिलिनपुढे तो फार नाजूक आहे. दुसऱ्या विरजणाची वाटी लागली आणि आपली नाही, तर जुनं टाकून द्यावं. दोन्ही मिसळू नयेत. जुन्यात फाज असेल तर नव्यालाही गाठेल. भांडी, डाव उकळत्या पाण्यातून काढावेत. नवं विरजण ताज्या, जिवंत दह्याचंच हवं. लावल्यानंतर पुन्हा तापवून टिकाऊ केलेल्या दह्यात जिवंत काही उरत नाही. गुलाबी-केशरी डाग, बुरशी किंवा सडका वास असेल तर दुरुस्तीचा विचारही नको. पावासारखा वास आणि बुडबुडे म्हणजे यीस्ट शिरलंय. तेही पुढे नेण्यात अर्थ नाही.

तार सुटणाऱ्या दह्याचा निकाल इतका सरळ नाही. काही चांगले वाणही साखरेच्या लांब साखळ्या सोडतात, आणि कमी तापमानात जास्त. वास, चव नेहमीची असेल तर योग्य ऊबेत एक-दोनदा लावून बघावं. वास बिघडला असेल तर फेकावं.

सावरलेल्या विरजणाचे चमचाभर गोळे अदमुरं असतानाच बर्फाच्या साच्यात गोठवून झाकून ठेवले, तर काही महिने राखीव साठा राहतो. गोठण्यात बऱ्याच पेशी मरतात, म्हणून त्यातलं पहिलं दही हमखास उशिरा लागेल. ते खाऊन टाकायच्या आधी एक चमचा बाजूला काढावा आणि जोर जोखायचा तो त्यापासून लावलेल्या दुसऱ्या दह्यावर.